मूत्रपिंडाचे गणित, हृदयाचे गणित: हिशेब एकच

सत्तर किलो वजनाचा, तिशीतला एक निरोगी पुरुष. चोवीस तासांत त्याची १८०० मिलीलिटर लघवी जमा केली. त्या लघवीत दर डेसिलिटरला, म्हणजे दर १०० मिलीलिटरला, ९६ मिलिग्रॅम क्रिएटिनिन सापडले. रक्तातल्या प्लाझ्मात तेच क्रिएटिनिन दर डेसिलिटरला १.२ मिलिग्रॅम होते. तर क्रिएटिनिनचा क्लिअरन्स किती?

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रॅक्टिकलला किंवा व्हायव्हाला असा प्रश्न समोर येतो. फिजिओथेरपी आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही तो चुकत नाही. सूत्र सर्वांना पाठ असते: C = U × V ÷ P. U म्हणजे लघवीतले प्रमाण, P म्हणजे प्लाझ्मातले, V म्हणजे लघवी. विद्यार्थी आकडे भरतो, ९६ गुणिले १८०० भागिले १.२, उत्तर येते १,४४,००० आणि पुढे सवयीने लिहिले जाते ‘मिलीलिटर दर मिनिटाला’. दर मिनिटाला १४४ लिटर! या माणसाच्या अंगात प्लाझ्मा आहे जेमतेम तीन लिटर.

गंमत अशी की त्याची आकडेमोड कुठेच चुकलेली नाही. १,४४,००० मिलीलिटर हे उत्तर बरोबर आहे, पण दिवसाचे. V म्हणजे ‘किती लघवी’ नव्हे, तर ‘लघवी किती वेगाने’. १८०० मिलीलिटर १४४० मिनिटांत आली, म्हणून V = १८०० ÷ १४४० = १.२५ मिलीलिटर दर मिनिटाला. आता ९६ × १.२५ ÷ १.२ = १००. दर मिनिटाला १०० मिलीलिटर, निरोगी माणसाला शोभेल असे उत्तर.

या गणितांत गुण जातात ते गुणाकार-भागाकारात क्वचितच. ते जातात सूत्र कशाबद्दल बोलते आहे हे न कळल्यामुळे. आणि ते कळायला फार काही लागत नाही, कारण मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या बहुतेक गणितांमागे एकच हिशेब आहे: एखाद्या अवयवात जो पदार्थ जेवढा आला, तेवढाच तो बाहेर गेला पाहिजे.

क्रिएटिनिनचेच बघू. हा स्नायूंमधून सतत सुटणारा टाकाऊ पदार्थ आहे. लघवीतून तो दर मिनिटाला किती बाहेर पडतो? लघवीतले प्रमाण गुणिले लघवीचा वेग, म्हणजे U × V. डेसिलिटरला ९६ मिलिग्रॅम म्हणजे मिलीलिटरला ०.९६ मिलिग्रॅम, त्याला १.२५ ने गुणले की १.२ मिलिग्रॅम दर मिनिटाला. हे १.२ मिलिग्रॅम आले कुठून? प्लाझ्मातून. आणि प्लाझ्माच्या प्रत्येक मिलीलिटरमध्ये क्रिएटिनिन आहे फक्त ०.०१२ मिलिग्रॅम. मग १.२ मिलिग्रॅम पुरवायला किती मिलीलिटर प्लाझ्मा रिकामा करावा लागेल? १.२ ÷ ०.०१२ = १००. सूत्र हेच सांगते. मूत्रपिंड काही १०० मिलीलिटर प्लाझ्मा बाजूला काढून धुऊन टाकत नाही. प्रत्यक्षात पुष्कळ जास्त प्लाझ्मातून थोडेथोडे क्रिएटिनिन निघते. क्लिअरन्स म्हणजे त्या कामाचे माप, ‘एवढा प्लाझ्मा पूर्ण स्वच्छ केल्यासारखे’. ही कल्पना १९२०च्या दशकाच्या अखेरीस व्हॅन स्लाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरियासाठी मांडली.

इथे U आणि P यांची एकके सारखी असली की ती एकमेकांना छेद देऊन निघून जातात आणि V चे एकक तेवढे उरते. म्हणून दोन्ही डेसिलिटरमध्ये असतील तर मिलीलिटरमध्ये बदलायची गरज नाही. पण पेपर काढणारे लघवीतले प्रमाण मुद्दाम ‘लिटरला ग्रॅम’ असे देतात आणि प्लाझ्मातले ‘डेसिलिटरला मिलिग्रॅम’. तेव्हा आधी दोन्ही एकाच मापात आणायचे, मगच सूत्रात भरायचे. लिटरला १ ग्रॅम म्हणजे डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम, एवढे एक रूपांतर डोक्यात असले तरी बहुतेक गणिते सुटतात.

याच गणिताचा दुसरा चेहरा पॅथॉलॉजी लॅबच्या मोठ्या कॅनमध्ये दिसतो. चोवीस तासांची लघवी जमा करायला सांगितलेल्या रुग्णाने सकाळी सातला उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची असते, कारण ती रात्रीची असते. त्यानंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातची धरून. समजा आपला माणूस दिवसभर बाहेर होता आणि ६०० मिलीलिटर कॅनमध्ये आलीच नाही. आता V होईल १२०० ÷ १४४०, म्हणजे सुमारे ०.८३, आणि क्लिअरन्स निघेल साधारण ६७. मूत्रपिंड ठणठणीत, पण रिपोर्ट पाहून घरच्यांची झोप उडावी असा.

ही चूक ओळखता येते, आणि ती ओळखण्याची रीत परीक्षेतही उपयोगी पडते. दिवसभरात एकूण किती क्रिएटिनिन बाहेर पडले ते काढायचे. तरुण पुरुषात ते किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम असते. सत्तर किलोला १४०० ते १७५० मिलिग्रॅम. पूर्ण लघवीत १८ डेसिलिटर गुणिले ९६, म्हणजे १७२८ मिलिग्रॅम होते, ठीक बसते. अपुऱ्या लघवीत १२ × ९६ = ११५२, खूपच कमी. स्नायू एका दिवसात आटत नाहीत. तेव्हा दोष मूत्रपिंडात नसून कॅनमध्ये आहे.

आता प्रश्नाचा पुढचा भाग. हे १०० म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, ज्याला रिपोर्टवर जीएफआर म्हणतात, तो मानायचा का? जवळपास. क्रिएटिनिन गाळले जाते, परत शोषले जात नाही, पण मूत्रनलिका ते थोडेसे आपणहून लघवीत सोडतात. त्यामुळे त्याचा क्लिअरन्स खऱ्या जीएफआरपेक्षा दहा ते वीस टक्के जास्त भरतो. काटेकोर मापासाठी इन्युलिन लागते. डेलियासारख्या झाडांच्या कंदात सापडणारी ही साखरेची लांब साखळी मूत्रपिंडात नुसती गाळली जाते. नलिका तिला ना शोषतात, ना सोडतात. न्यूयॉर्कमध्ये होमर स्मिथ यांनी १९३०च्या दशकात तिच्यावर मोठे काम केले. इन्युलिनचा क्लिअरन्स ही एकदा मोजपट्टी धरली की बाकीचे पदार्थ त्याच्याशी ताडून बघता येतात. एखाद्याचा क्लिअरन्स त्याहून कमी असेल, तर तो पदार्थ परत शोषला गेला (किंवा प्रथिनांना चिकटून राहिल्याने पुरता गाळलाच गेला नाही). जास्त असेल, तर नलिकांनी तो वरून सोडला. निरोगी माणसाच्या लघवीत ग्लुकोज जवळजवळ नसतेच, U शून्य, म्हणून क्लिअरन्सही शून्य. ही तुलना एका ओळीत लिहिली तरी परीक्षकाला कळते की विद्यार्थ्याला सूत्राचा अर्थ कळला आहे.

आता तोच माणूस, पदार्थ दुसरा. पॅरा-अमिनोहिप्युरिक आम्ल, सगळे त्याला पीएएच म्हणतात. ते शिरेतून हळूहळू देऊन रक्तातले प्रमाण स्थिर केले. ६० मिनिटांत लघवी आली ९० मिलीलिटर. लघवीत पीएएच डेसिलिटरला ७९२ मिलिग्रॅम, प्लाझ्मात २ मिलिग्रॅम. रक्तात पेशींचा वाटा, म्हणजे हिमॅटोक्रिट, ४५ टक्के. मूत्रपिंडातून दर मिनिटाला रक्त किती वाहते?

V आधी: ९० ÷ ६० = १.५. मग ७९२ × १.५ ÷ २ = ५९४ मिलीलिटर दर मिनिटाला. हा क्लिअरन्स १०० च्या जवळपास सहापट आहे, तेव्हा पीएएच नुसते गाळले जात नाही, नलिका ते जोरात लघवीत ढकलतात. इतके की मूत्रपिंडातून एकदा फिरून गेलेल्या प्लाझ्मात ते फारसे उरतच नाही. ज्या पदार्थाचे शिरेत काहीच उरत नाही, त्याचा क्लिअरन्स म्हणजे मूत्रपिंडात आलेला सगळा प्लाझ्मा. पीएएचच्या बाबतीत साधारण दहावा हिस्सा शिरेतून निसटतो. म्हणून ५९४ ला परिणामी प्लाझ्मा प्रवाह म्हणतात, आणि खरा प्रवाह काढायला त्याला ०.९ ने भागतात: ५९४ ÷ ०.९ = ६६० मिलीलिटर.

इथे बरेच विद्यार्थी भागण्याऐवजी गुणतात. त्यावर उपाय पाठांतरात नाही, हिशेबात आहे. मोजला गेला तो फक्त पकडलेला भाग. थोडा प्लाझ्मा न पकडता निघून गेला. मग खरा आकडा मोजलेल्यापेक्षा मोठाच असणार. ५९४ ला ०.९ ने गुणून ५३५ आले, तर दिशाच उलटी झाली हे तिथल्या तिथे दिसते.

शेवटची पायरी प्लाझ्मावरून रक्तावर जाण्याची. पेशी ४५ टक्के, तर प्लाझ्मा ५५ टक्के. ६६० मिलीलिटर हा रक्ताचा ५५ टक्के भाग, म्हणून रक्त ६६० ÷ ०.५५ = १२०० मिलीलिटर. घाईत ०.४५ ने भागले तर १४६७ येते. हे जास्त फसवे आहे, कारण ते अशक्य वाटत नाही. म्हणून ‘१ – हिमॅटोक्रिट’ हे कागदावर वेगळे लिहून त्याखाली ०.५५ मांडावे, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रहाने सांगतो.

दर मिनिटाला १२०० मिलीलिटर. दोन मुठींएवढे अवयव आणि मिनिटाला सव्वा लिटरच्या जवळ रक्त! हे हृदयाने पंप केलेल्या रक्ताच्या किती टक्के? त्यासाठी कार्डिॲक आउटपुट हवे, आणि ते काढायला नवे तत्त्व लागत नाही.

ॲडॉल्फ फिक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८७० मध्ये व्यूर्झबर्गच्या वैद्यकीय मंडळासमोर हेच मांडले. माणूस दर मिनिटाला जेवढा ऑक्सिजन घेतो, तो सगळा फुप्फुसातून जाणाऱ्या रक्तात चढतो. प्रत्येक १०० मिलीलिटर रक्तात किती चढला हे कळले, तर किती रक्त गेले हे भागाकाराने निघते. बाजार समितीच्या गोदामातून मिनिटाला २५० गोण्या निघाल्या, आणि प्रत्येक गाडी १५ गोण्या घेऊन आत शिरते व २० घेऊन बाहेर पडते असे दारावरच्या माणसाने सांगितले, तर गाड्या न मोजताही ५० गाड्या गेल्या हे कळते. इथे एक गाडी म्हणजे १०० मिलीलिटर रक्त.

आपल्या माणसाचे आकडे असे: ऑक्सिजन मिनिटाला २५० मिलीलिटर, हिमोग्लोबिन डेसिलिटरला १५ ग्रॅम, धमनीतल्या रक्ताची संपृक्तता ९८ टक्के, पल्मनरी आर्टरीतल्या रक्ताची ७३ टक्के. वर, गोंधळात पाडायला, हाताच्या शिरेतली ८५ टक्के.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरले की सुमारे १.३४ मिलीलिटर ऑक्सिजन धरते. १५ × १.३४ = २०.१ मिलीलिटर, ही दर डेसिलिटरची क्षमता. धमनीत त्याचे ९८ टक्के, म्हणजे १९.७, पल्मनरी आर्टरीत ७३ टक्के, म्हणजे १४.७. फरक ५ मिलीलिटर. (प्लाझ्मात नुसता विरघळलेला ऑक्सिजन इतका थोडा असतो की खोलीतल्या हवेत श्वास घेणाऱ्या माणसासाठी तो सोडून देतात.) २५० ÷ ५ = ५०. आणि इथेच ‘५० मिलीलिटर’ असे लिहून विद्यार्थी मोकळा होतो. या ५० गाड्या आहेत. प्रत्येकीत १०० मिलीलिटर. उत्तर ५००० मिलीलिटर, मिनिटाला पाच लिटर. प्रश्नात प्रमाणे लिटरला दिली असतील, २०० आणि १५० अशी, तर २५० ÷ ५० = ५ हे थेट लिटरमध्ये येते. नाडी ७२ असेल तर एका ठोक्याला ५००० ÷ ७२, सुमारे ६९ मिलीलिटर. तोही आकडा ओळखीचा, म्हणजे गाडी रुळावर आहे.

आता त्या ८५ टक्क्यांकडे वळू, कारण खरी परीक्षा तिथे आहे. हाताच्या शिरेतले रक्त धरले तर फरक २०.१ च्या १३ टक्के, म्हणजे २.६ मिलीलिटर, आणि आउटपुट मिनिटाला साडेनऊ लिटर. बसलेल्या माणसाचे हृदय एवढे रक्त ढकलत नाही. चूक अशी की हाताची शीर फक्त हाताचा हिशेब सांगते. उबदार हातात त्वचेकडे रक्त भरपूर जाते आणि ऑक्सिजन थोडाच खर्च होतो. हृदयाच्या स्वतःच्या शिरांतले रक्त मात्र अगदी काळसर, ऑक्सिजन ओरबाडून घेतलेले. या सगळ्यांचे मिश्रण उजव्या कप्प्यांतून जाऊन पल्मनरी आर्टरीत पूर्ण होते, म्हणून नमुना तिथलाच हवा. ‘आर्टरी’ शब्द वाचून काही जण ७३ टक्के धमनीच्या जागी भरतात. तिच्यात रक्त अशुद्ध असते हे विसरायचे नाही. धमनीचा नमुना मात्र मनगटाच्या धमनीतून घेतला तरी चालतो, कारण डाव्या हृदयातून निघाल्यावर केशवाहिन्यांपर्यंत त्यातला ऑक्सिजन बदलत नाही.

फिक यांचे तत्त्व बिनतोड होते, पण जिवंत माणसाच्या पल्मनरी आर्टरीतून रक्त काढायचे कसे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी सरकवत हृदयापर्यंत नेली आणि एक्स-रे काढून ती तिथे असल्याचे दाखवले. पुढे न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी ही पद्धत रोजच्या वापरात आणली, आणि माणसात फिक यांचा भागाकार खरोखर करता येऊ लागला. १९५६ चे नोबेल या तिघांना मिळाले. गणितात ‘पल्मनरी आर्टरीतील नमुना’ हे तीन शब्द सहज छापलेले असतात. त्यांच्यामागे एवढे धाडस आहे.

पीएएचचे गणित आता पुन्हा पाहा. तिथे पदार्थ रक्तातून निघत होता, इथे रक्तात चढतो आहे, एवढाच फरक. मूत्रपिंडाचा प्लाझ्मा प्रवाह म्हणजे U × V भागिले धमनी आणि शीर यांतला पीएएचचा फरक. शिरेतले प्रमाण शून्य धरले की उरते U × V ÷ P, आपले जुने क्लिअरन्सचे सूत्र. शिरेतले प्रमाण शून्य नसून ०.२ मिलिग्रॅम आहे असे धरले, तर ७९२ × १.५ ÷ १.८ = ६६०. मघाशी ०.९ ने भागून आलेला आकडा हाच. क्लिअरन्स आणि फिक ही दोन प्रकरणे पुस्तकात शेकडो पानांच्या अंतरावर छापतात, ही मला खरी अडचण वाटते. एका फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली तर दुसरे पाठ करावे लागत नाही.

मूत्रपिंडाला मिळणारा वाटा आता सहज निघतो: ५००० पैकी १२००, म्हणजे २४ टक्के. आणि हाच हिशेब उलटा फिरवून एक प्रश्न सोडवता येतो, जो पेपरात फारसा दिसत नाही पण दिसायला हवा. दोन्ही मूत्रपिंडे मिळून मिनिटाला सुमारे १८ मिलीलिटर ऑक्सिजन वापरतात. त्यांच्या शिरेतल्या रक्ताची संपृक्तता किती? १२०० मिलीलिटर रक्त म्हणजे १२ डेसिलिटर. १८ ÷ १२ = १.५, म्हणजे प्रत्येक डेसिलिटरमधून दीड मिलीलिटर ऑक्सिजन गेला. धमनीत होता १९.७, शिरेत उरला १८.२. क्षमता २०.१, तेव्हा १८.२ ÷ २०.१, सुमारे ९० टक्के. मूत्रपिंडाकडे रक्त येते ते गाळण्यासाठी, ऑक्सिजनसाठी नव्हे. म्हणून शिरेतूनही ते जवळजवळ धमनीसारखे लाल निघते. हे लाल रक्त खालच्या महाशिरेत मिसळते, आणि त्यामुळे विश्रांतीत असलेल्या माणसाच्या खालच्या महाशिरेतली संपृक्तता वरच्या महाशिरेपेक्षा जास्त भरते. कॅथेटर उजव्या हृदयाऐवजी तिथेच थांबला आणि तो नमुना फिक यांच्या सूत्रात भरला, तर कार्डिॲक आउटपुट पाच लिटरपेक्षा जास्त निघेल.